नलिनीच्या पाटावर सरोज

नलिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. फोन तिच्या दिराचा होता. सकाळी ओट्यापाशी उभी होती, डोकं फार दुखतंय म्हणाली आणि तिथेच कोसळली, हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं, असं त्यांनी एका दमात सांगितलं. मी विचारलं, "सरूला कळवलं का?" ते म्हणाले, "अहो, अजून नाही. तिला कसं सांगायचं तेच कुणाला कळत नाहीये." त्या एका बाबतीत त्या घरातल्या माणसांना सुरुवातीलाच अक्कल सुचली होती. पुढे ती फार टिकली नाही.

सरू म्हणजे सरोज, नलिनीची जुळी बहीण. त्यांच्या वडिलांचं, अण्णांचं, चिकपेटेत कापडाचं दुकान होतं. आमचं घर त्याच गल्लीत, दोन दारं सोडून. एकाच फुलाची दोन नावं दोन मुलींना ठेवून अण्णांनी जे सुरू केलं ते गल्लीने पुढे चालवलं. एका ताग्यातले दोन परकर, एकाच मापाच्या चपला, दोघींच्या मिळून एक वाढदिवस. कुणी खाऊ दिला तर तो एकीच्या हातावर, "दोघींना गं" असं बजावून. मला त्या दोघी कधीच सारख्या वाटल्या नाहीत, आणि याचा मला लहानपणी फार अभिमान होता. नली डावखुरी, सरू उजव्या हाताची. नलीच्या डाव्या गालावर तीळ, सरूच्या उजव्या. नली आधी बोलायची आणि मग विचार करायची, सरू विचार करायची आणि बोलायचं राहून जायचं. डॉक्टरांनी सरूला विचारलं, "भूक लागते का?" तर उत्तर नली द्यायची. शाळेत सरूला बाईंनी उभं केलं की ती आधी नलीकडे बघायची. "आम्हाला कारलं आवडत नाही," असं सरू अगदी परवापर्यंत म्हणत होती. कारलं मुळात नलीला आवडत नसे. सरूला आवडतं की नाही, हे तिला ठाऊक असण्याची वेळच कधी आली नव्हती.

भांडायच्या मात्र कडाक्याने. कन्नडमध्ये भांडायच्या, म्हणजे आईला कळणार नाही असं त्यांना वाटायचं. त्यांची आई, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो, ती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं कन्नड बोलायची आणि आतल्या खोलीतून चुका दुरुस्त करायची. पुढे नली दिगंबररावांना दिली. त्यांचं पीण्या या कारखान्यांच्या भागात छोटं वर्कशॉप, यंत्रांचे सुटे भाग कातून द्यायचं काम, घर राजाजीनगरात. सरू गेली के. आर. पुरमला, मुकुंदरावांकडे. शहराची दोन टोकं. तेव्हा फोन नव्हते, म्हणून दर गुरुवारी दोघी दोन्हीकडून बसने मॅजेस्टिकला यायच्या, स्टँडसमोरच्या हॉटेलात एक मसाला डोसा आणि दोन कॉफ्या घ्यायच्या आणि परत जायच्या. नवऱ्यांना हे कधी समजलं नाही. एवढ्या लांब येऊन अर्धा डोसा खायचा? मुकुंदरावांनी एकदा मला विचारलं होतं. मी म्हटलं, त्या डोशासाठी येत नाहीत हो.

त्या दिवशी मीच के. आर. पुरमला गेले. सरू दारात बसून अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत होती, मांडीत परात, बाजूला रेडिओ. मला बघून हसली. मी काही बोलायच्या आत तिचं हसू गेलं. "नली?" एवढंच म्हणाली. मी मान हलवली. तिने परात बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि एकदम लहान मुलीसारखं विचारलं, "मग मी?"

मला या लेखात खरं तर नलिनीबद्दलच लिहायचं आहे. पण नलिनीबद्दल काही लिहायला गेलं की सरू मध्ये येते. जिवंतपणीही तेच व्हायचं. गेल्या काही आठवड्यांत मी जे पाहिलं ते असं, की आपल्या माणसांना नवऱ्याचं दुःख कळतं, आईचं कळतं, लेकीचं कळतं, पण जुळ्या बहिणीचं दुःख कुठल्या खणात ठेवायचं हेच कळत नाही. सरू लग्न होऊन दुसऱ्या गोत्रात गेलेली, म्हणून तिला सुतक नावापुरतं. समाचाराला येणारा जो तो राजाजीनगरला. दिगंबररावांच्या शेजारी बसायचं, नलीच्या सासूबाईंचा हात धरायचा, मेघनाच्या डोक्यावरून हात फिरवायचा. मेघना नलीची एकुलती एक मुलगी, पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. आणि सरू? सरू आलेल्यांना पाणी द्यायला.

दुसऱ्याच दिवशी दार उघडायला सरू गेली. बाहेर शेजारच्या शारदम्मा. त्या "अय्यो देवरे!" म्हणून ओरडल्या आणि पायरीवरच बसल्या. त्यांचा काही दोष नव्हता. काल चितेवर पाहिलेला चेहरा आज दार उघडतोय. पण त्यानंतर सासूबाईंनी सरूला दार उघडायला मनाई केली. कुणी आलं की सरू आत जायची, आणि बाहेर यायच्या आधी खोकायची. हा खोकण्याचा शहाणपणा तिला कुणी शिकवला नव्हता. माणसं आपल्याला बघून दचकतात हे कळल्यावर माणूस आपोआप शिकतो.

आणि जे दचकत नव्हते ते विचारत होते. "ज्या वेळी ती गेली त्या वेळी तुला काही झालं असेल ना गं? छातीत कळ? डोळ्यांपुढे अंधार?" सरू खरं सांगायची. काही झालं नाही. मी अवरेकाळू सोलत होते, रेडिओ लावला होता. समोरच्याचा चेहरा पडायचा, जणू तिने बहिणीशी काही लबाडी केली. एक बाई तर म्हणाल्या, "असं कसं? एका गर्भातल्या ना तुम्ही?" चौथ्या-पाचव्या दिवसापासून सरूबद्दल घरभर बोललं जाऊ लागलं, की त्या क्षणी तिच्या हातातली परात पडली म्हणे. परात मी पाहिली होती, तिने ती नीट बाजूला ठेवली होती. पण सरूने तेही खोडून काढलं नाही. मला म्हणाली, "पडायला हवी होती ना गं, शैला. मी तर गाण्याबरोबर गुणगुणत होते."

सांत्वन करणाऱ्यांची वाक्यं मी ऐकून ऐकून पाठ केली आहेत. "तू आहेस म्हणजे नली आहेच." "आता तू दोघींचं जगायचं." "तुझ्याकडे बघितलं की जिवाला बरं वाटतं." बोलणाऱ्याला बरं वाटत होतं, यात शंका नाही. सगळ्यात पुढे गेल्या दिगंबररावांच्या मावशी. सरूचा हात हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून, अगदी मायेने म्हणाल्या, "देवाला न्यायचीच होती तर बिनपोराची न्यायची... लेकरू तरी उघडं पडलं नसतं." सरूला मूल नाही. तिने मावशींच्या हातातून हात काढून घेतला नाही. "सरी, मावशी," म्हणाली. बरोबर आहे, असं म्हणाली! मी स्वयंपाकघरात जाऊन दोन भांडी आपटली.

डॉक्टरांनी मुकुंदरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली, आणि एकसारख्या जुळ्यांत दुसरीलाही तसाच फुगा असू शकतो, तपासून घ्या. हे मात्र योग्य सांगितलं. स्कॅन झाला, नळी घालून रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. सगळं स्वच्छ निघालं. मुकुंदराव बिचारे आनंदाने पेढे घेऊन आले, मग सुतकाचं घर आठवून पेढे पिशवीतच ठेवून उभे राहिले. सरू रिक्षात माझ्या शेजारी बसली होती. "तिच्यात होतं आणि माझ्यात नाही?" म्हणाली. "आमचं सगळं सारखं होतं. गोवर एका दिवशी, दात एका आठवड्यात. हेच कसं नाही?" मी म्हटलं, "सरू, ही चांगली बातमी आहे."

घरी तिने आरशावर टॉवेल टाकला होता. त्याचं कारण मला नंतर कळलं. तीळ. सरूच्या उजव्या गालावर, नलीच्या डाव्या. दोघी समोरासमोर बसल्या की एकमेकींना आरशात बघावं तशा दिसायच्या, आणि म्हणून आता आरशात बघितलं की समोर नली. भांग त्या बाजूला, तीळ त्या बाजूला, सगळं नलीचं. अक्का सरूकडेच राहते. नली गेल्यापासून ती खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसते. एक दिवस मी असताना म्हणाली, "सरू, तू स्वल्प मागल्या दाराने येत-जात जा गं. एकदम समोर आलीस की मला वाटतं आली... आणि मग तू निघतेस." जन्मदात्या आईने हे म्हणावं! पण अक्का खोटं बोलली नव्हती. सरू मागल्या दाराने जाऊ लागली.

आणि मग तेरावा आला. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई, म्हणून तिच्या नावाने सवाष्ण जेवायला घालायची, साडी-चोळी द्यायची, बांगड्या भरायच्या, ओटी भरायची. त्या दिवशी ती सवाष्ण म्हणजे गेलेलीच, असं मानायचं. दरवेळी कुणातरी शेजारणीला बोलावतात, ती संकोचाने दोन घास खाते, साडी घेते आणि घरी जाते. पण सासूबाईंच्या मनात आलं, सरोज असताना दुसरी कशाला? गुरुजींना विचारलं. गुरुजींनी हिशेब केला, गोत्र वेगळं, नवरा हयात, सुतक फिटलेलं. "चालेल की," म्हणाले. कुणाला ते क्रूर वाटलं नाही. उलट सगळ्यांना ते फार सुंदर सुचलं असं वाटलं. मी दिगंबररावांना म्हटलं, असं करू नका. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "आईच्या मनाला शांती मिळेल हो." सरूला म्हटलं, तू नाही म्हण. सरू म्हणाली, "तिचं ताट दुसरी कुणी बाई खाणार का मग?"

ती बसली. नलीची हिरवी साडी नेसवली होती तिला, पाटाभोवती रांगोळी, पुढे पुरण. आणि मग जे सुरू झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. सासूबाई समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "नलिनी, मी तुला फार बोलले गं." हुंदके देऊन रडल्या. मग नलीची जाऊ आली, "नलिनी, तुमच्या मनात काही राहू देऊ नका." मग मावशी. एकेक करून रांगच लागली. शेवटी अक्काला धरून आणलं. तेरा दिवस जिने सरूच्या चेहऱ्याकडे बघितलं नव्हतं ती आई वाकली, तिने दोन्ही हातांत तो चेहरा घेतला आणि म्हणाली, "नले, पोटभर जेव." सरू जेवली. पानात कारल्याची भाजी होती, ती तिने बाजूला सारली. सगळे म्हणाले, बघा, बघा!

निघताना सासूबाई म्हणाल्या, मन भरलं, आता महिन्याच्या महिन्याला येत जा. सरू "येईन" म्हणाली. आणि मला दिसत होतं की ती नुसती तयार झाली नव्हती, तिला तिथे यायचं होतं. सरूसाठी त्या घरात, आणि तिच्या स्वतःच्या घरातही, पाठीमागलं दार होतं. नलीसाठी पाट मांडलेला होता. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित पाटावरच जाऊन बसले असते. पुढच्या आठवड्यांत ती दोनदा काही ना काही निमित्ताने राजाजीनगरला जाऊन आली. नलीची साडी नेसून. भांग दुसऱ्या बाजूला पाडून. मुकुंदराव मला फोनवर म्हणाले, "ती हल्ली डाव्या हाताने चपात्या लाटते. चपात्या वेड्यावाकड्या होतात, मी काही बोलत नाही... पण शैलाताई, माझी बायको कुठे गेली हो?"

महिन्याचं मासिक आलं. यावेळी माणसं थोडी. पाट, रांगोळी, तीच हिरवी साडी. सरू आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि नलीच्या ठसक्यात जावेला म्हणाली, "कुकरची शिटी काढलीत का?" जाऊ हसली, मग डोळे पुसायला लागली. मेघना कोपऱ्यात उभी होती. तेराव्याला ती गच्चीवर जाऊन बसली होती, खाली आलीच नव्हती. आज तिला सासूबाईंनी मुद्दाम बोलावलं होतं, "ये, आईच्या पाया पड." सरू पाटावर बसली. करंडा पुढे केला, आणि सरूने डावा हात पुढे करून, अगदी नली लावायची तसं, स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं.

"ऊठ," मेघना म्हणाली.

कुणाला कळलं नाही ती कुणाशी बोलतेय. ती पुढे आली. "मावशी, ऊठ त्या पाटावरून. तू माझी आई नाहीयेस. माझी आई मेली. तू तिची साडी नेसलीस, तिचा हात लावलास, पण तुला येत नाही. तुला तिच्यासारखं काहीच येत नाही! तिचं बोट असं सरळ जात नव्हतं, वाकडं जायचं. तू खोटी आहेस." सासूबाई "मेघना!" म्हणून ओरडल्या. दिगंबरराव उठले. मेघनाने कुणाकडे बघितलं नाही. "तू येतेस आणि मग मला वाटतं आली. दरवेळी वाटतं. आणि दरवेळी ती परत मरते. तू नको येऊस. मला तुझा चेहरा बघवत नाही."

मला वाटलं सरू आता कोसळणार. या पोरीच्या तोंडून, ज्या पोरीसाठी आपण जगायचं असं महिनाभर सगळे तिला सांगत होते, तिच्याच तोंडून! सरू पाटावर तशीच बसली होती. मग तिने उजवा हात उचलला आणि पदराने कपाळ पुसलं.

"मलाही बघवत नाही गं, बाळ," ती म्हणाली. आवाज सरूचा होता. तेराव्यापासून मी तो ऐकला नव्हता. "माझी बहीण मेली."

आणि ती रडली. त्या दिवसापर्यंत ती रडली नव्हती हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं. ती सगळ्यांना रडू देत होती, तोंड पुढे करून. आता पाटावर, पुरणाच्या ताटासमोर, ती आडवी होऊन रडली, आणि कुणी तिच्याजवळ गेलं नाही, कारण ते तिच्यासाठी आले नव्हते. मेघनाही गेली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी गेले. मी फक्त तिच्या नावाने हाक मारत राहिले. सरोज, सरोज. एवढंच.

सरू नंतर त्या घरी गेलेली नाही. मेघनाने बोलावलेलं नाही. बोलावेल असं मला वाटत नाही, आणि त्या पोरीला दोष द्यायची माझी तयारी नाही. सासूबाई म्हणतात, सरोजने घरच्या कार्यात अवलक्षण केलं. अक्का अजून भिंतीकडे तोंड करूनच बसते. लोकांना वाटतं अशा लेखाच्या शेवटी माणसं जवळ आलेली असावीत. इथे कुणी आलेलं नाही. फक्त सरू आता पुढच्या दाराने ये-जा करते, आणि अक्काला बघायचं नसेल तर अक्काने डोळे मिटावेत असं तिने तिला सांगितलं आहे. कारलं तिने करून बघितलं. आवडलं नाही. "हे माझंच होतं तर," म्हणाली, आणि तिला त्याचंही रडू आलं.

परवा मी तिच्याकडे गेले होते. संध्याकाळी आम्ही के. आर. पुरमच्या बाजारात भाजी घ्यायला निघालो. रस्ता अरुंद, होसकोट्याकडे जाणाऱ्या बसेस अंगावरून जातात, म्हणून मी तिच्या उजव्या बाजूला, रस्त्याकडे झाले. ती थांबली. "तिकडून नको," म्हणाली. "ती त्या बाजूने चालायची. लहानपणापासून." मी म्हटलं, "मग मी डावीकडे येते." ती "ये" म्हणाली. आम्ही तशाच चालत गेलो. मी गटाराच्या कडेने, ती मध्ये, आणि तिच्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा. गर्दीत लोक ती मोकळी जागा बघून घुसत होते, एकाची पिशवी तिला लागली, एक सायकलवाला घंटी वाजवून मधून निघून गेला. सरू प्रत्येक वेळी थांबायची, तो जाईपर्यंत थांबायची, आणि मग तेवढीच जागा सोडून पुन्हा चालायला लागायची.